उशिरा आलेलं, दुसऱ्यांदा आलेलं

बिल बंद करण्याआधी सगळं येऊ द्यावं, मगच आकडा काढावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. माझं कामच ते आहे. ग्राहकाने सेवा किती वापरली हे मोजायचं आणि महिनाअखेरीला त्या मोजणीचं बिल तयार करायचं. मोजणी अपुरी आहे हे माहीत असताना बिल काढणं मला पटत नसे. फायनान्सची माणसं १ तारखेपासून मागे लागायची आणि मी दर बैठकीत आणखी काही दिवस मागून घ्यायचे. आज मी नेमकी उलट बाजू मांडते. बिल ठरल्या वेळी, हातात असेल तेवढ्यावर बंद करावं, आणि मागाहून येणाऱ्या नोंदींची सोय आधीच करून ठेवावी. हे मत कसं बदललं ते सविस्तर सांगायचं आहे, कारण माझी आधीची कारणं पोकळ नव्हती. आजही चांगले इंजिनिअर तीच कारणं देतात.

आमचा व्यवसाय शीतगृहांवर लक्ष ठेवण्याचा. नाशिक भागात द्राक्षांच्या हंगामात शीतगृहं भरलेली असतात, आणि प्रत्येक खोलीत तापमान व आर्द्रतेचे सेन्सर लावलेले असतात. एका शीतगृहात असे ४० सेन्सर धरा. ते सगळे भिंतीवरच्या एका छोट्या डब्याला, म्हणजे गेटवेला, जोडलेले असतात. गेटवे दर मिनिटाला एक पॅकेट आमच्या सर्व्हरकडे पाठवतो. एका पॅकेटमध्ये ४० नोंदी. ग्राहकाला पैसे लागतात ते नोंदींचे: महिन्यातल्या पहिल्या १० लाख नोंदींना प्रत्येकी ५ पैसे, त्यापुढच्यांना ३ पैसे. दर इथे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पद्धत खरी आहे.

हिशेब असा होतो. दिवसाला १,४४० पॅकेट, म्हणजे ५७,६०० नोंदी. मार्चच्या ३१ दिवसांत १७,८५,६०० नोंदी. पहिल्या १० लाखांचे ५०,००० रुपये, उरलेल्या ७,८५,६०० नोंदींचे २३,५६८. एकूण ७३,५६८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळी पॅकेट वेळेवर आणि एकेकदाच आली, तर हे काम शाळेतल्या मुलालाही जमेल.

पण शीतगृह असतं गावाबाहेर. गेटवेमधलं सिम कार्ड कधी रेंज सोडतं, कधी वीज जाते, कधी कोणी साफसफाई करताना अँटेनाची वायर ओढतं. गेटवे मोजायचं थांबत नाही. त्याच्या आत साठवणुकीची जागा असते, तिथे तो पॅकेट जमा करत राहतो आणि संपर्क आला की पाठवतो. त्यामुळे प्रत्येक पॅकेटला दोन वेळा असतात: नोंद घेतली ती वेळ, आणि सर्व्हरला मिळाली ती वेळ. बहुतेक पॅकेटच्या बाबतीत या दोन वेळांमध्ये सेकंदभराचं अंतर असतं. काहींच्या बाबतीत तीन दिवसांचं. बिलाचा महिना ठरतो पहिल्या वेळेवरून, पण आमच्या हातात काय आहे हे ठरतं दुसऱ्या वेळेवरून. सगळी अडचण या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

या फटीवर माझा उपाय होता वाट पाहणं. महिना संपल्यावर सात दिवस थांबू, म्हणजे रेंगाळलेली पॅकेट येतील. सात दिवसांत नाही आली तर दहा दिवस थांबू. माझ्या बाजूने युक्तिवाद असा की बिल एकदा गेलं की ते दुरुस्त करणं ग्राहकाला आणि आम्हाला दोघांनाही त्रासाचं आहे, तेव्हा आधीच खात्री करावी. तारखेला वक्तशीर असण्यापेक्षा आकडा बरोबर असणं महत्त्वाचं. ऐकायला हे निर्विवाद वाटतं.

पहिला धक्का मला आमच्याच आकड्यांनी दिला. पॅकेट किती उशिरा येतात याचा आलेख मी एकदा काढला, खरं तर सात दिवसांची मुदत दहा करावी हे पटवून देण्यासाठीच. आलेखाने उलटंच दाखवलं. उशिरा येणाऱ्यांपैकी बहुतेक पॅकेट काही मिनिटांत येतात. त्यानंतर काही तासांत येणारी असतात, मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि परत आला अशा प्रकारची. दीड दिवसानंतर मात्र आलेख जवळजवळ सपाट होतो, आणि तसाच सपाट, पण शून्याला न टेकता, कित्येक आठवडे पुढे जात राहतो. हंगाम संपल्यावर बंद करून ठेवलेला गेटवे पुढच्या वेळी चालू केला की त्याच्या पोटातली जुनी पॅकेट बाहेर येतात. दुसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत थांबून मी जे मिळवत होते ते नगण्य होतं, आणि जे निसटत होतं ते महिनाभर थांबूनही निसटलंच असतं.

याच सुमारास मी टायलर अकिदाऊ आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांचा २०१५ चा डेटाफ्लो मॉडेलवरचा निबंध पुन्हा वाचला. घटना घडल्याची वेळ आणि ती प्रक्रियेत आल्याची वेळ हा भेद आमच्या क्षेत्रात त्या निबंधामुळे रुळला. त्यात वॉटरमार्क नावाची कल्पना आहे: अमुक वेळेपर्यंतचं सगळं आलं असावं, असा यंत्रणेने बांधलेला अंदाज. मी पूर्वी त्या कल्पनेचा आधार माझ्या वाट पाहण्याला घेत असे. पण निबंधाचं मूळ म्हणणंच असं आहे की अखंड येत राहणारी माहिती कधीतरी पूर्ण होईल ही आशा सोडून द्या. सगळं आलं की नाही हे कधीच कळणार नाही असं गृहीत धरा, आज एक उत्तर द्या आणि मागाहून ते सुधारण्याची सोय ठेवा. मला हवं तेवढंच मी त्यातून उचललं होतं.

दुसरा धक्का एका ग्राहकाच्या अकाउंटंटनी दिला. त्यांच्या शीतगृहाचं बिल मी ९ तारखेपर्यंत अडवून ठेवलं होतं. त्यांनी फोन केला. आवाज चढलेला नव्हता, पण कंटाळलेला होता. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या बिलाशिवाय माझा महिना बंद होत नाही. राहिलेलं पुढच्या बिलात लावा ना. फक्त कुठल्या महिन्याचं आहे ते लिहा, आणि एकदा दिलेलं बिल बदलू नका. लाइटबिलात नाही का, मीटर वाचता आला नाही तर नंतर हिशेब जुळवतात, तसं.”

त्यांचं म्हणणं मी आधी सोय म्हणून ऐकलं, तत्त्व म्हणून नाही. मग जीएसटीच्या बाजूने विचार केला तेव्हा त्यातलं शहाणपण कळलं. विक्रेत्याचं मासिक जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. आमच्यासारख्या, ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपनीला ई-इन्व्हॉइस काढावं लागतं. सरकारी पोर्टलवर त्याचा संदर्भ क्रमांक एकदा मिळाला, की तिथे ते रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट, वाढवायची तर डेबिट नोट. म्हणजे बिल हा मागे जाऊन दुरुस्त करता येईल असा आकडा नव्हेच. तो कागद आहे, क्रमांकाचा, दोन कंपन्यांच्या वह्यांत बसलेला. त्याला हात लावायचा नाही हे एकदा मान्य केलं की प्रश्न बदलतो. सगळं कधी येईल, हा प्रश्न उरतच नाही. या कागदात नेमकी कुठली पॅकेट धरली आणि कुठली धरली नाहीत, हे मला कधीही दाखवता येईल का, एवढाच उरतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेते. त्या ४० सेन्सरच्या शीतगृहाचा गेटवे ३० मार्चला संध्याकाळी ६ वाजता गप्प झाला. आमची मुदत आता महिना संपल्यापासून ३६ तासांची आहे, म्हणजे २ एप्रिलला दुपारी १२. त्या वेळी गेटवे अजून गप्पच होता. मार्चचे ३० तास आमच्याकडे नव्हते: १,८०० पॅकेट, ७२,००० नोंदी. जुन्या पद्धतीने मी थांबले असते. नव्या पद्धतीने बिल बंद झालं ते आलेल्या ४२,८४० पॅकेटवर, म्हणजे १७,१३,६०० नोंदींवर. रक्कम ७१,४०८ रुपये. बिलाखाली एक ओळ होती: हा गेटवे ३० मार्च सायंकाळी ६ पासून संपर्कात नाही, त्यापुढच्या नोंदी आल्यास पुढील बिलात मार्च महिन्याच्या नावे दाखवल्या जातील.

३ एप्रिलला सकाळी गेटवे परत आला. आमचे गेटवे ताजी पॅकेट आधी पाठवतात आणि साठलेली नंतर, कारण द्राक्षं राखणाऱ्या माणसाला आत्ताचं तापमान हवं असतं, परवाचं नाही. ताज्या पॅकेटवरचा अनुक्रमांक पाहून सर्व्हरला लगेच कळलं की मधले क्रमांक गायब आहेत. दुपारपर्यंत ते सगळे आले. ७२,००० नोंदी, मार्चच्या, पण मार्चचं बिल बंद झालेलं.

त्यांची किंमत काय लावायची? इथे घाई केली तर चूक सरळ ग्राहकाच्या खिशावर जाते. या ७२,००० नोंदी सुट्या धरून पहिल्या टप्प्याच्या ५ पैशांनी मोजल्या तर ३,६०० रुपये होतात. एप्रिलच्या मोजणीत मिसळल्या तर त्यांना एप्रिलचा दर लागतो, आणि अनेक करारांत १ एप्रिलपासून नवा दर सुरू होतो. बरोबर रीत एकच आहे. मार्चचा पूर्ण महिना, आधी बिलात धरलेला भाग आणि आता आलेला भाग मिळून, मार्चच्या दराने नव्याने मोजायचा: ७३,५६८. त्यातून मार्चच्या नावे आधी लावलेली रक्कम वजा करायची: ७१,४०८. उरतात २,१६० रुपये, आणि तेवढीच ओळ एप्रिलच्या बिलात जाते. उशिरा आलेल्या पॅकेटची स्वतंत्र किंमत नसते. त्यांच्यामुळे त्यांच्या महिन्याच्या रकमेत जो फरक पडला तीच त्यांची किंमत.

ही पद्धत आम्ही सी.ए.ना दाखवून करारात घातली. करारात ‘ठरल्या वेळेपर्यंत मिळालेल्या नोंदींवर बिल’ हे वाक्य नसेल, तर मागील बिलाची वाढीव रक्कम पुढच्या बिलात टाकण्याऐवजी डेबिट नोट काढायची का, हा प्रश्न त्यांनाच विचारावा. इंजिनिअरने तो परस्पर सोडवू नये.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण माझ्या मतबदलाचा गाभा खरं तर तिथे आहे. उशीर आणि दुबार हे मी दोन वेगळे आजार समजत होते. उशिरासाठी मुदत, आणि दुबारसाठी एक कॅश: आलेल्या प्रत्येक पॅकेटचा आयडी २४ तास लक्षात ठेवायचा, तोच पुन्हा आला तर टाकून द्यायचा. दुबार पॅकेट येतात तरी कशी? गेटवे पॅकेट पाठवतो, सर्व्हर ते लिहून घेतो, पण ‘मिळालं’ हे उत्तर परत जाताना वाटेत हरवतं. गेटवेला वाटतं पोचलं नाही, तो पुन्हा पाठवतो. त्याने तसंच केलं पाहिजे, नाहीतर खरोखर न पोचलेलं पॅकेट कायमचं गेलं असतं. हा दुसरा प्रयत्न सहसा अर्ध्या मिनिटात होतो. मग २४ तासांची आठवण भरपूर झाली, असं वाटतं.

त्याच शीतगृहात ५ एप्रिलला वीज गेली. कुठली पॅकेट पाठवून झाली याची खूण गेटवे स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि ती ठराविक वेळाने फ्लॅशवर उतरवतो. वीज नेमकी त्याआधी गेली. गेटवे पुन्हा सुरू झाला तो जुन्या खुणेवरून, आणि ३ एप्रिलला पाठवलेली ती १,८०० पॅकेट त्याने प्रामाणिकपणे पुन्हा पाठवली. मधे दोन दिवस गेलेले. २४ तासांच्या कॅशला ती पूर्ण नवी वाटली असती. आणि उशिरा येणाऱ्यांना आम्ही दार उघडं ठेवलेलं असल्यामुळे, ती मार्चच्या नावे पुन्हा एकदा बिलात बसली असती. आणखी २,१६० रुपये, ज्यांच्या बदल्यात ग्राहकाने काहीही वापरलेलं नाही.

यातून मला जे दिसलं ते असं. जे पॅकेट उशिरा येतं, त्याचीच दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे: साठवून ठेवणं आणि पुन्हा पाठवणं. म्हणून दोन मुदती एकमेकींपासून सुट्या ठरवता येत नाहीत. जितके दिवस जुनं पॅकेट स्वीकारायचं, त्याहून अधिक दिवस त्याची ओळख लक्षात ठेवली पाहिजे. आणि हे फक्त आमच्यापुरतं नाही. स्ट्राइपच्या मीटर इव्हेंटची कागदपत्रं मी वाचली, तेव्हा त्यात ३५ दिवसांपर्यंत जुना इव्हेंट चालतो असं होतं, आणि आयडी वेगळा असल्याची खात्री किमान २४ तासांच्या सरकत्या मुदतीत दिली होती. ॲमेझॉनच्या एसक्यूएस फिफो रांगेत दुबार ओळखण्याची मुदत ५ मिनिटांची आहे. त्या सेवा त्यांच्या कामाला योग्यच आहेत, आणि मुदत त्यांनी स्पष्ट लिहिलेली आहे. पण २५ व्या दिवशी पुन्हा आलेलं पॅकेट ओळखणं ही जबाबदारी मग आपली राहते. काफ्काची ‘नेमकं एकदाच’ची हमीही काफ्काच्या आतली आहे. शीतगृहाच्या भिंतीवरचा डबा तिच्या बाहेर आहे.

म्हणून आम्ही कॅश ठेवली ती फक्त वेगासाठी. खरा निवाडा करतो तो बिलाचा खतावणी तक्ता. त्याचं रूप थोडक्यात असं:

```sql
CREATE TABLE usage_event (
  source      text        NOT NULL,
  seq         bigint      NOT NULL,
  customer_id text        NOT NULL,
  quantity    integer     NOT NULL,
  event_time  timestamptz NOT NULL,
  received_at timestamptz NOT NULL DEFAULT now(),
  body_hash   text        NOT NULL,
  invoice_no  text,
  PRIMARY KEY (source, seq)
);
```

`source` म्हणजे गेटवे आणि `seq` म्हणजे त्याने पॅकेट तयार करताना दिलेला अनुक्रमांक. ‘तयार करताना’ हे महत्त्वाचं. आयडी पाठवताना दिला तर प्रत्येक प्रयत्नाला नवा आयडी मिळतो, आणि मग जगातली कुठलीही यंत्रणा दुबार ओळखू शकत नाही. क्लाउडइव्हेंट्स या प्रमाणातही `source` आणि `id` ही जोडी प्रत्येक वेगळ्या घटनेला वेगळीच असली पाहिजे असा नियम आहे, आणि जोडी तीच असेल तर घेणाऱ्याने ते दुबार समजावं अशी मुभा आहे. यादृच्छिक आयडीऐवजी अनुक्रमांक घेण्याचा आणखी एक फायदा वर येऊन गेला: मधला क्रमांक नसला तर काहीतरी यायचं राहिलंय हे दिसतं. यादृच्छिक आयडी फक्त आलेल्यांची ओळख देतो, न आलेल्यांबद्दल मुका असतो.

या किल्लीचा एक धोका मात्र मनावर घ्या. गेटवेची फ्लॅश बदलली किंवा त्याचं मूळ सेटिंग परत आणलं, तर अनुक्रमांक १ पासून सुरू होतो. मग नवी, खरी पॅकेट जुन्या क्रमांकांवर आदळतात आणि दुबार समजून फेकली जातात. पैसे कमी लागतात, म्हणून ग्राहक तक्रार करत नाही, आणि महिनोन्महिने कोणाला कळत नाही. त्यासाठी `body_hash`. किल्ली तीच आणि मजकुराचा हॅशही तोच, तर ते दुबार, निश्चिंतपणे टाका. किल्ली तीच पण हॅश वेगळा, तर ते दुबार नव्हे. ते बाजूला काढून माणसाने बघायचं. आम्ही `source` मध्ये गेटवेच्या क्रमांकाबरोबर प्रत्येक नव्या बसवणीचा क्रमांकही जोडतो, म्हणजे मोजणी पुन्हा १ पासून लागली तरी जोडी नवीच राहते.

तक्ता मोठा झाला की तो महिन्यानुसार तोडावासा वाटतो. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. विभागलेल्या तक्त्यात युनिक किल्लीत विभागणीचा रकाना असावाच लागतो. विभागणी `received_at` वर केली, तर किल्लीत मिळाल्याची वेळ शिरते, आणि दुसऱ्यांदा आलेल्या पॅकेटची मिळाल्याची वेळ वेगळी असल्यामुळे डेटाबेस त्याला आनंदाने आत घेतो. किल्ली आहे असं दिसतं, पण ती काहीच अडवत नाही. आम्ही किल्ल्यांचा वेगळा, न तोडलेला तक्ता ठेवला आहे.

राहिलं बिल बंद करणं. पूर्वी मी ते वेळेच्या पट्ट्याने करायचे: अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत आलेली पॅकेट या बिलात, त्यापुढची पुढच्या बिलात. दोन पट्टे एकमेकांना चिकटलेले, मधे फट नाही, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात फट असते. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते, पूर्ण झाल्याची नाही. एखादं पॅकेट ११:५९:५८ ला लिहायला सुरुवात झाली आणि १२:००:०३ ला पक्कं झालं, तर १२ वाजता मोजणी करणाऱ्याला ते दिसतच नाही. पुढच्या महिन्याचा पट्टा १२ नंतरचा, त्यात ते बसत नाही. ते पॅकेट कुठल्याच बिलात येत नाही, आणि कुठलीही त्रुटी नोंदली जात नाही. आता पट्टा नाही. शिक्का आहे:

```sql
UPDATE usage_event
SET    invoice_no = 'PN/25-26/0038'
WHERE  customer_id = 'C-118'
  AND  invoice_no IS NULL
  AND  event_time < '2025-04-01 00:00+05:30';
```

ज्या ओळीवर अजून कुठल्याही बिलाचा क्रमांक नाही आणि जिची नोंद महिना संपण्याआधीची आहे, तिच्यावर या बिलाचा क्रमांक उमटतो. रक्कम काढायची ती शिक्का बसलेल्या ओळींवरून. त्या पाच सेकंदांत निसटलेलं पॅकेट शिक्क्याविना राहतं, आणि पुढच्या महिन्यात हीच आज्ञा चालली की आपोआप सापडतं. ३ एप्रिलला आलेली १,८०० पॅकेटही अशीच सापडली. त्यांच्यासाठी वेगळा कोड लागला नाही. बिलाबद्दल वाद झाला तर त्या क्रमांकाच्या सगळ्या ओळी काढून ग्राहकापुढे ठेवता येतात. शिक्का एकदा बसला की तो बदलायचा किंवा पुसायचा अधिकार कोणत्याही प्रोग्रामला दिलेला नाही.

शेवटचं `+05:30` ही सजावट नाही. सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, आणि भारतातला मार्च तिथे ३१ तारखेच्या १८:३० ला संपतो. ते लिहायचं राहिलं तर १ एप्रिलच्या पहाटेचे साडेपाच तास, या एका गेटवेच्या १३,२०० नोंदी, मार्चच्या बिलात जातात.

मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या गेटवेचं घड्याळ बिघडलं आहे, त्याचं पॅकेट १९७० सालचं असल्याचं सांगतं किंवा पुढच्या वर्षीचं. आम्ही मिळाल्याच्या वेळेच्या ४५ दिवसांहून अधिक मागचं किंवा १० मिनिटांहून अधिक पुढचं पॅकेट बिलात घेत नाही. ते या तक्त्याबाहेर साठवतो, ग्राहकाला त्याचं तापमान दिसतं, पण पैसे लावत नाही. फायनान्सला हे आवडलं नव्हतं. माझं मत असं की दीड महिन्यानंतर आठवण करून मागितलेले पैसे ग्राहकाला पटवून देता येत नाहीत, आणि पटवून देता येत नसेल ते मागू नये. दुसरी मर्यादा: गेटवे जळाला तर त्याच्या आतली पॅकेट गेली. त्या मिनिटांचं आम्ही अंदाजपंचे बिल करत नाही. अंदाज लावायचा ठरवलं तर करारात तसं आधीच लिहिलेलं हवं.

आणि जिथे जास्त लावलं गेलं असेल, तिथे वाट पाहायची नाही. कमी लागलेली रक्कम पुढच्या बिलापर्यंत थांबू शकते, कारण तोटा आमचा आहे. जास्त लागलेली रक्कम ग्राहकाची आहे. सापडली त्या दिवशी क्रेडिट नोट काढायची, मग ती रक्कम कितीही लहान असो.

जे कोणी मोजून बिल करण्याची यंत्रणा बांधत आहेत, किंवा तयार विकत घेत आहेत, त्यांना एक विनंती आहे. दोन आकडे विचारा आणि लेखी घ्या. किती जुनी नोंद स्वीकारली जाते, आणि नोंदीची ओळख किती काळ लक्षात ठेवली जाते. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर पहिलं बिल पाठवण्याआधी तुमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये एक युनिक किल्ली घाला.